ठिणगी हजार अंशांची, चटका मात्र चहाचा

दिवाळीत फुलबाजी हातात धरलेल्या पोराच्या मनगटावर ठिणग्या सारख्या पडत असतात. ते हसत असते. एखादी ठिणगी टोचल्यासारखी लागते, पण रडण्याइतके काही होत नाही. लोखंडाच्या किसाची जळती ठिणगी पिवळीधमक, जवळपास पांढरी दिसते आणि त्या रंगावरूनच कळते, की तिचे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या पुढे आहे. त्याच पोराच्या हातावर दुसऱ्या दिवशी सकाळी उकळत्या चहाचे दोन थेंब उडाले, तर घरभर धावपळ होते. हात नळाखाली धरावा लागतो आणि संध्याकाळी तिथे फोड दिसतो. चहाचे तापमान असते फार तर शंभर अंश.

हजार अंशांनी काही केले नाही आणि शंभर अंशांनी फोड आणला. तापमान म्हणजेच उष्णता असे मानले तर हे उलटेच वाटेल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या किती वेगळ्या आहेत, हे समजून घ्यायचे तर पदार्थाच्या आत, रेणूंपर्यंत जावे लागते.

स्थिर दिसणारे पाणी

टेबलावर पाण्याचा पेला ठेवा. हवा पडलेली आहे, पाण्यावर तरंग नाही. तरीही त्या पाण्यातला एकही रेणू स्वस्थ नाही. प्रत्येक रेणू शेजाऱ्याला धक्का देतो, धक्का खातो, थोडा सरकतो, पुन्हा आदळतो. हे रेणू इतके लहान आहेत, की कुठल्याही साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाहीत. त्यांच्या धक्क्यांचा परिणाम मात्र दिसतो. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने परागकणांतून निघालेले बारीक कण पाण्यात पाहिले, तेव्हा ते थरथरत, वेडेवाकडे सरकत राहिले. कुणी ढवळत नव्हते आणि ते थांबतही नव्हते. पुढे १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गणित मांडून दाखवले, की पाण्याचे रेणू त्या कणांवर सगळ्या बाजूंनी आदळतात आणि हे धक्के दर क्षणी नेमके सारखे नसल्यामुळे कण इकडेतिकडे ढकलला जातो. काही वर्षांत फ्रान्समध्ये झ्याँ पेरँ यांनी मोजमापे घेऊन हे गणित खरे ठरवले.

पाणी तापवले की ही थरथर वाढते. तापमान म्हणजे हेच. रेणू जितक्या जोमाने हलतात, तितके तापमान जास्त. काटेकोरपणे सांगायचे, तर हलणाऱ्या प्रत्येक रेणूकडे त्याच्या गतीमुळे काही ऊर्जा असते, तिला गतिज ऊर्जा म्हणतात. सगळ्या रेणूंच्या गतिज ऊर्जेची सरासरी म्हणजे तापमानाचे माप. यात ‘सरासरी’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे.

हवेचे रेणू किती वेगाने धावतात? खोलीत २५ अंश तापमान असेल तर नायट्रोजनचा रेणू सरासरी सेकंदाला ४७५ मीटर, म्हणजे ताशी १,७०० किलोमीटर वेगाने जात असतो. प्रवासी विमान त्याच्या निम्म्या वेगाने उडते. मग स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास दिवाणखान्यात यायला वेळ का लागतो? कारण रेणू सरळ धावतच नाही. मिलीमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकेही अंतर तो मोकळा जात नाही, तोच दुसऱ्यावर आदळतो. एका सेकंदात अशा काही अब्ज टकरा होतात. प्रत्येक टकरीत वेग बदलतो, दिशा बदलते. म्हणून एकाच क्षणी काही रेणू अगदी मंद असतात, बरेचसे मधल्या वेगाचे आणि थोडे सरासरीच्या दुप्पट वेगाने जाणारेही असतात. कोणत्या तापमानाला किती रेणू किती वेगाचे असतील, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० च्या सुमारास गणिताने काढून दिले. एकट्या रेणूला वेग असतो, ऊर्जा असते, पण तापमान नसते. तापमान हा मोठ्या जमावाचाच गुण आहे.

खरे शून्य कुठे आहे

काल २० अंश होते आणि आज ४० आहे, म्हणजे दुप्पट गरम झाले, असे आपण सहज म्हणून जातो. रेणूंच्या हिशोबात ते खरे नाही. सेल्सिअसचा शून्य अंश पाणी गोठते तिथे आपल्या सोयीने ठरवलेला आहे. तिथे रेणू थांबत नाहीत. बर्फाचे रेणूसुद्धा आपापल्या जागी जोरात थरथरत असतात. तापमान उतरवत नेले तर ही थरथर कमी कमी होत जाते आणि जिथे ती आणखी कमी होऊच शकत नाही, तो बिंदू शून्याखाली २७३.१५ अंशांवर येतो. त्याला निरपेक्ष शून्य म्हणतात. तिथेही रेणू पूर्ण निश्चल होत नाहीत, अगदी किंचित हालचाल उरते, पण तिच्यातून कुणाला ऊर्जा काढून घेता येत नाही. तिथून मोजायला सुरुवात केली की केल्विन मापक्रम मिळतो.

या मापाने २० अंश सेल्सिअस म्हणजे २९३ केल्विन आणि ४० म्हणजे ३१३. वाढ झाली जेमतेम ७ टक्के. महाबळेश्वरची १० अंशांची थंडीतली पहाट आणि नागपूरची ४५ अंशांची मे महिन्यातली दुपार घ्या. एकीकडे आपण शाल गुंडाळतो, दुसरीकडे लोक रस्त्यावर पडतात. हवेच्या रेणूंच्या सरासरी ऊर्जेत फरक आहे सुमारे १२ टक्के आणि वेगात तर फक्त ६ टक्के, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपले शरीर किती अरुंद पट्टीत जगते, हे या ६ टक्क्यांवरून लक्षात येते.

विसणाचा हिशोब

आता उष्णतेकडे वळू. आंघोळीचे कढत पाणी बादलीत ओतून त्यात विसण घालायचे काम ज्याने केले आहे, त्याला उष्णतेचा मूळ नियम हाताने ठाऊक आहे, फक्त तो आकड्यांत मांडलेला नाही.

३ लिटर पाणी उकळत आहे, १०० अंशांवर. नळाचे पाणी २५ अंशांचे आहे. आंघोळीला ४० अंश हवे. किती विसण घालावे? उकळते पाणी १०० वरून ४० वर आले पाहिजे, म्हणजे ६० अंश उतरले पाहिजे. ३ लिटर गुणिले ६० म्हणजे १८०. नळाचे पाणी २५ वरून ४० वर, म्हणजे १५ अंश चढले पाहिजे. कढत पाण्याने दिलेले हे १८० थंड पाण्यात जायला हवेत, तर १८० भागिले १५, म्हणजे १२ लिटर विसण लागेल. प्रत्यक्षात बादलीही थोडी तापते आणि हवेतही काही जाते, म्हणून विसण किंचित कमी लागते.

हे जे १८० इकडून तिकडे गेले, ती उष्णता. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला लागते ती एक किलोकॅलरी, म्हणून ते १८० किलोकॅलरी झाले. पाकिटावर बिस्किटांच्या ऊर्जेचा आकडा याच एककात छापतात. कढत पाण्याचे जोरात हलणारे रेणू थंड पाण्याच्या मंद रेणूंवर आदळले आणि टकरीटकरीत आपली गती त्यांना देत गेले. दोन्हींची सरासरी सारखी झाल्यावर देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी सारखीच होऊ लागली. उष्णता वाहायची थांबली. शास्त्रात उष्णता हा शब्द या अशा जाणाऱ्या-येणाऱ्या ऊर्जेसाठीच राखलेला आहे. पदार्थात आधीपासून साठून असते तिला आंतरिक ऊर्जा म्हणतात.

४० अंशांच्या पाण्याची एक बादली आणि तशीच दुसरी एका मोठ्या घंगाळात ओतली, तर पाणी ८० अंशांचे होत नाही. हे शाळेतल्या गुणांसारखे आहे. ‘अ’ तुकडीची सरासरी ६० आणि ‘ब’ तुकडीचीही ६०. दोन्ही तुकड्या एका वर्गात बसवल्या तर सरासरी ६० च राहते, पण सगळ्यांचे मिळून गुण दुप्पट होतात. तापमान सरासरीसारखे वागते, पदार्थातली ऊर्जा बेरजेसारखी. म्हणून ‘किती गरम’ या प्रश्नाला पदार्थ किती आहे याच्याशी देणेघेणे नसते आणि ‘किती उष्णता देईल’ या प्रश्नाचे उत्तर त्याशिवाय देताच येत नाही.

पदार्थ कोणता, हेही बघावे लागते. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला ४.१८ ज्यूल ऊर्जा लागते. गोड्या तेलाला सुमारे त्याच्या निम्मी आणि लोखंडाला नवव्या हिश्श्याइतकी, म्हणजे ०.४५ ज्यूल. पाणी तापायला आळशी आहे, पण तापले की निवायलाही तितकेच आळशी आणि जिथे सांडेल तिथे ती सगळी उष्णता मोकळी करणारे. आता फुलबाजीचा हिशोब करता येईल.

> चौकट : एक ठिणगी आणि एक थेंब
>
> ठिणगी म्हणजे मिलीमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या जाडीचा लोखंडाचा गोळा धरू. त्याचे वजन भरते सुमारे ४ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले चार. तापमान १,२०० अंश, कातडी ३५ अंश. निवताना ठिणगी कातडीला देईल ती उष्णता :
>
> ०.०००००४ ग्रॅम × ०.४५ × १,१६५ = सुमारे ०.००२ ज्यूल
>
> उकळत्या पाण्याचा एक बारीक थेंब, ०.०५ ग्रॅम. त्याच कातडीवर निवताना :
>
> ०.०५ ग्रॅम × ४.१८ × ६५ = सुमारे १३.६ ज्यूल
>
> थेंब एका ठिणगीपेक्षा सहा हजारांहून अधिक पट उष्णता देतो. ठिणगीची सगळी उष्णता एक घन मिलीमीटर कातडीत पसरली, तर ती कातडी जेमतेम अर्ध्या अंशाने तापेल.

ठिणगी अजून जळत असेल तर जळण्यातून थोडी आणखी ऊर्जा मिळते, पण तीही थेंबाच्या मानाने नगण्य. फुलबाजीची तार मात्र वेगळी. विझल्यावर तिचा रंग काळा पडतो, ती गार झाली असे वाटते आणि पोरे ती उचलतात. त्या टोकाचे एक ग्रॅम लोखंड ६०० अंशांवर असेल, तर त्यात कातडीला द्यायला अडीचशे ज्यूल तयार असतात, लाखाहून अधिक ठिणग्यांचा ऐवज. ठिणगीपेक्षा तारेचे तापमान कमीच असते, तरी दिवाळीत खरे भाजते ते तारेने. विझलेल्या तारा पाण्याच्या बादलीत टाकण्याची शिस्त म्हणूनच पाळायला हवी.

तोफ घासून उकळलेले पाणी

उष्णता ही रेणूंच्या गतीची देवाणघेवाण आहे, हे मान्य व्हायला बराच काळ गेला. अठराव्या शतकात बहुतेक विद्वान उष्णतेला एक अदृश्य, वजनरहित द्रव मानत. गरम वस्तूत तो जास्त भरलेला असतो आणि थंड वस्तूकडे वाहतो, अशी समजूत होती. विसणाचा हिशोब या समजुतीनेही बरोबर येतो, म्हणून ती टिकली.

तिला धक्का दिला म्युनिकच्या तोफखान्याने. तिथे काउंट रमफर्ड यांच्या देखरेखीखाली पितळी तोफांना भोक पाडण्याचे काम चाले. भोक पाडताना धातू भयंकर तापतो, हे कारागिरांना रोजचेच होते. रमफर्ड यांनी मुद्दाम बोथट पाते लावले, तोफेचा भाग पाण्याच्या पेटीत बुडवला आणि घोडे जुंपून यंत्र फिरवत ठेवले. अडीच तासांत पाणी खळखळ उकळले. खाली जाळ नव्हता. घोडे फिरत राहिले तर उष्णता निघतच राहिली. १७९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी विचारले, की वस्तूत साठवलेला द्रव असा न संपता निघत राहील कसा? संपत नाही ती गती असली पाहिजे.

मँचेस्टरजवळच्या जेम्स ज्यूल यांनी १८४० च्या दशकात याचा आकडा काढला. वजन खाली उतरू द्यायचे, त्याने पाण्यातली वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापले ते बघायचे. ज्यूल यांच्या आकड्याचा आजच्या मापात अर्थ असा, की एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जी ऊर्जा लागते, तिच्यात एक किलोचे वजन सुमारे ४२७ मीटर उंच उचलता येते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणण्याच्या ऊर्जेत तेच एक किलो ३२ किलोमीटर वर जाईल, एव्हरेस्टच्या साडेतीन पटींहून अधिक उंच. गॅसवर चहाचे आधण ठेवताना याची आपल्याला कल्पनाही नसते. रेणूंच्या हालचालीत केवढी ऊर्जा मावते, ते या एका आकड्यात आहे.

उष्णता देऊनही तापमान हलत नाही तेव्हा

उष्णता दिली की तापमान चढते, असे आतापर्यंत धरून चाललो. ते नेहमी खरे नसते आणि तापमान व उष्णता यांतला फरक तिथेच सगळ्यात ठसठशीत दिसतो.

उकळत्या पाण्यात तापमापक धरा. काटा १०० वर आला की गॅस कितीही मोठा करा, पाणी जोराने उकळेल, लवकर आटेल, पण काटा जागचा हलणार नाही. उष्णता तर सारखी जात आहे. ती रेणूंचा वेग वाढवण्याऐवजी त्यांना एकमेकांपासून तोडण्यात खर्च होते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट ओढून धरतात. वाफ व्हायची तर ही ओढ तोडून दूर जावे लागते. वाफेच्या रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा उकळत्या पाण्याच्या रेणूंएवढीच असते, म्हणून तापमान तेच. पण सुटका करून घेण्यासाठी दर ग्रॅमला २,२६० ज्यूल मोजावे लागलेले असतात. तापमापकाला फक्त हालचाल कळते, हा खर्च कळत नाही. या लपलेल्या हिश्श्याला अप्रकट उष्णता म्हणतात.

वाफ कातडीवर आली की पुन्हा पाणी होते आणि तो सगळा खर्च एका झटक्यात परत देते. एक ग्रॅम उकळते पाणी ३७ अंशांपर्यंत निवताना २६३ ज्यूल देते. एक ग्रॅम वाफ त्याच १०० अंशांवरून २,५०० ज्यूलहून अधिक देते, साडेनऊ पट. मोदकपात्राचे झाकण स्वतःकडे कलते करून उघडणाऱ्याचा हात आणि तोंड पोळते ते यामुळे. झाकण आपल्यापासून पलीकडे तोंड करून उचलावे, म्हणजे वाफेचा लोट पलीकडे जातो.

बर्फ वितळताना हेच घडते. ग्लासगोचे जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या सुमारास हे ओळखले. त्यांचा युक्तिवाद मला फार आवडतो, कारण त्याला उपकरण लागत नाही. बर्फ शून्य अंशावर येताच किंचित उष्णतेने वितळून जात असते, तर वसंत ऋतूच्या पहिल्या उबदार दिवशी डोंगरावरचे सगळे बर्फ एकदम पाणी झाले असते आणि दरवर्षी प्रलय आला असता. तसे होत नाही, बर्फ आठवडेच्या आठवडे हळूहळू वितळते. म्हणजे वितळायलाच पुष्कळ उष्णता लागत असली पाहिजे, जी तापमापकावर दिसत नाही. आज आपण जाणतो, की एक ग्रॅम बर्फ वितळवायला ३३४ ज्यूल लागतात. तेवढ्यात एक ग्रॅम पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापले असते.

माठ काय करतो

सरासरी आणि अप्रकट उष्णता या दोन्ही गोष्टी एकत्र बघायच्या तर माठाइतके चांगले साधन नाही. माठाच्या भाजलेल्या मातीला बारीक छिद्रे असतात. पाणी झिरपत बाहेरच्या अंगाला येते आणि पृष्ठभाग ओलसर राहतो. पाणी ३५ अंशांवर आहे, उकळीपासून कोसभर दूर. तरीही सगळे रेणू सरासरीएवढे मंद नसतात. एखादा पृष्ठभागाजवळचा, टकरींत मोठा वेग मिळालेला रेणू शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निसटतो. सर्वांत चपळ तोच गेल्यामुळे मागे उरलेल्यांची सरासरी खाली येते. सरासरी उतरली, म्हणजे तापमान उतरले.

१० लिटर पाणी ३५ वरून २५ अंशांवर आणायचे, तर ४१८ किलोज्यूल ऊर्जा बाहेर जायला हवी. या तापमानाला एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे २.४ किलोज्यूल घेऊन जाते. म्हणजे पावणेदोनशे ग्रॅम, साधारण एक पेलाभर पाणी उडाले की काम झाले. प्रत्यक्षात बाहेरची गरम हवा माठाला सतत उष्णता देत असते, म्हणून पाणी थोडे जास्त उडते.

विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात माठाचे पाणी छान गार होते आणि कोकणात, हवा दमट असताना, तोच माठ फारसे काही करत नाही. कोकणच्या हवेत पाण्याचे रेणू आधीच पुष्कळ असतात. माठातून जितके निसटतात, जवळपास तितकेच हवेतून माठावर परत येऊन बसतात आणि आपली ऊर्जा परत देतात. निव्वळ निघणारे थोडेच उरतात. जुन्या माठाची छिद्रे पाण्यातल्या क्षारांनी बुजली की बाहेरचे अंग कोरडे राहते आणि पाणी गार व्हायचे बंद होते. हात फिरवून बघावा. ओल लागत नसेल तर त्या माठाचे दिवस भरले.

हाताला आणि तापमापकाला काय कळते

एकाच खोलीत रात्रभर पडलेला स्टीलचा डबा आणि लाकडी पाट सकाळी हाताला सारखे लागत नाहीत. डबा गार लागतो, पाट तितका नाही. तापमान दोन्हींचे एकच असते. हात मोजतो ते आपल्या कातडीतून किती वेगाने उष्णता जाते किंवा येते, ते. स्टील ती भरभर वाहून नेते, लाकूड अडवून धरते. मे महिन्यात उन्हातली लोखंडी कडी पोळते आणि तितकीच तापलेली लाकडी फळी चालून जाते, ते याच कारणाने. वस्तूचे तापमान, तिच्याकडची ऊर्जा आणि ती ऊर्जा आपल्यापर्यंत पोहोचण्याचा वेग या तीन निरनिराळ्या बाबी आहेत. चटका तिन्हींवर मिळून ठरतो.

तापमापकालाही दुसऱ्याचे तापमान थेट कळत नाही. तो स्वतःचे तापमान दाखवतो. ताप बघताना तो काखेत काही वेळ धरायला सांगतात, कारण शरीराच्या रेणूंनी तापमापकाच्या रेणूंना धक्के देऊन सरासरी सारखी करायला वेळ लागतो. त्यात तापमापक शरीरातून थोडी उष्णता काढून घेतो. शरीर मोठे, म्हणून ते कुणाला जाणवत नाही. चहाच्या एका थेंबाचे तापमान साध्या तापमापकाने घ्यायला गेलात, तर मात्र थेंबाची बहुतेक उष्णता काच तापवण्यातच संपेल आणि आकडा पार चुकेल.

चारशे किलोमीटर वर

आपल्या डोक्यावर सुमारे ४०० किलोमीटरवर, जिथून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फिरते, तिथल्या विरळ वायूचे तापमान सूर्याच्या सक्रियतेनुसार बदलत असले तरी अनेकदा ७०० अंश सेल्सिअसच्या वर असते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. स्थानकाचे बरेचसे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे आहे आणि ते वितळत नाही. तिथले अणू सरासरीने खरोखरच त्या तापमानाच्या वेगाने धावत असतात, पण अणू आहेतच किती? जमिनीलगतच्या एक घन किलोमीटर हवेचे वजन १२ लाख टन भरते. तेवढ्याच जागेत तिथे असते काही ग्रॅम हवा. तापमान भट्टीचे आणि द्यायला उष्णता जवळपास नाहीच. स्थानकाचा सावलीतला भाग तर उष्णता प्रारणाने बाहेर टाकत कडाक्याचा थंड होतो, उन्हातला भाग तापतो तो हवेमुळे नव्हे, सूर्यप्रकाशामुळे. तिथे टांगलेला साधा तापमापक वायूचे तापमान कधीच दाखवणार नाही, त्याला सूर्य आणि अवकाश यांचाच हिशोब कळेल.

मग ते शेकडो अंश मोजतात कसे? सुमारे अडीचशे किलोमीटर उंचीवरचे ऑक्सिजनचे अणू रात्री डोळ्यांना न जाणवणारा फिका तांबडा प्रकाश देतात, ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा. कोल्हापुरातून या रात्रप्रकाशाची निरीक्षणे झालेली आहेत. अणू आपल्या दिशेने येत असेल तर त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी किंचित आखडते, दूर जात असेल तर किंचित ताणली जाते. कोट्यवधी अणू सगळ्या दिशांना धावत असल्यामुळे वर्णपटातली ती एक रेघ थोडी रुंद होते. अणू जितके वेगवान, तितकी रेघ रुंद. काही ठिकाणच्या वेधशाळांत खास उपकरणांनी ही रुंदी मोजतात, तीवरून अणूंचे वेग काढतात आणि वेगांवरून तापमान.